थंडीत केस उडतात, तोंडाला चिकटतात: दोष कंगव्याचा किती आणि ओढणीचा किती

प्रश्न: डिसेंबर लागला की माझे केस वेडे होतात. ठाण्याहून निघताना नीट असतात, बीकेसीला पोचेपर्यंत अर्धे हवेत आणि अर्धे तोंडाला चिकटलेले. कंगवा फिरवला की अजूनच उभे राहतात आणि चटचट आवाज येतो. पावसाळ्यात घेतलेलं सीरम लावून बघितलं, काही फरक नाही. लाकडी कंगवा घेऊ का? आणि मुंबईत एवढी कोरडी हवा असते तरी का?

उत्तर:

लाकडी कंगवा घ्या, वाईट काहीच नाही त्यात, पण नुसत्या कंगव्याने हे थांबेल असं समजून घेऊ नका. दादरला माझं पार्लर आहे, बरीच वर्षं झाली, आणि दर थंडीत कोणी ना कोणी नवा कंगवा घेऊन येतं आणि म्हणतं की ताई हा पण बेकार निघाला. कंगवा बेकार नसतो, त्याचा नंबर तिसरा असतो. पहिला नंबर केसावर कंडिशनरचा थर आहे की नाही याचा, दुसरा नंबर दिवसभर केसाला कुठलं कापड घासतंय याचा, आणि मग कंगवा. याच क्रमाने सांगते, थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी एक खात्री करून घ्या की तुमचा प्रकार खरंच स्टॅटिकचा आहे. तुम्ही चटचट आवाज म्हणताय म्हणजे बहुतेक आहेच, पण "केस उडतात" म्हणून येणाऱ्या बायकांमध्ये मला तीन वेगळे प्रकार दिसतात आणि तिघींचा उपाय वेगळा. कोरडा कंगवा आठ-दहा वेळा फिरवा आणि मग तोच कंगवा केसांपासून दोन-तीन बोटं लांब धरा. केस सरळ होऊन कंगव्याकडे ओढले गेले तर ते स्टॅटिक. आता तळहात पाण्याने ओलसर करून हलकेच त्यावरून फिरवा, लगेच बसतील, आणि वाळल्यावर परत कंगवा फिरवला की परत उठतील. फ्रिझ असेल तर केस कंगव्याच्या मागे जात नाहीत, ते वाकडे-नागमोडी फुगलेले असतात आणि पावसाळ्यात जास्त त्रास देतात. तिसरा प्रकार म्हणजे भांगाजवळ आणि कपाळावर दोन-तीन इंचाचे आखूड केस उभे राहणं, ते एकतर तुटलेले असतात नाहीतर नवीन उगवलेले. डेंग्यू-मलेरियानंतर किंवा बाळंतपणानंतर केस गळतात आणि काही महिन्यांनी नवे येतात, ते असेच उभे असतात. टोक बघा, निमुळतं असेल तर नवा केस, बोथट किंवा फाटलेलं असेल तर तुटलेला. या तिसऱ्या प्रकाराला पुढचं फार काही लागू पडणार नाही, त्यांना वाढू द्यायचं आणि तोवर जेलचा हात फिरवून बसवायचं.

आता मुंबईच्या हवेचं. आपल्याकडे दिल्लीसारखी चोवीस तास कोरडी थंडी नसते, म्हणून लोकांना हे पटकन लक्षात येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, पूर्वेकडून-ईशान्येकडून, आणि ती हवा कोरडी असते. पण अगदी पहाटे गारवा असल्यामुळे हवेतली आर्द्रता टक्क्यांत ठीकठाक दिसते, म्हणून घरून निघताना तुमचे केस शहाण्यासारखे बसलेले असतात. ऊन चढलं की हवा तापते, वारा अजून जमिनीवरूनच येत असतो, आणि आर्द्रता झपझप खाली येते. मग दुपारी कधीतरी समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि हवा परत दमट व्हायला लागते. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी समुद्राचा वारा उशिरा येतो, आणि त्याच दिवशी तुमचे केस सगळ्यात जास्त नाचतात. कुलाब्याला तीन बाजूंनी पाणी आहे म्हणून तिथे जरा बरं, सांताक्रूझला जास्त कोरडं, आणि ठाणे-मुलुंडकडे तर समुद्र लांबच. फोनवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली दिसली की त्या दिवशी स्टॅटिक होणार असं धरून चालायचं.

त्यात एसी. एसीच्या पाइपातून जे पाणी टपकत असतं ना, ते खोलीतल्या हवेतूनच काढलेलं असतं. पावसाळ्यात ते बरंच आहे, पण जानेवारीत बाहेरचीच हवा कोरडी, तिच्यातलं उरलंसुरलं पण एसी काढून घेतो. म्हणजे बाहेरची कोरडी वेळ आणि तुमची ऑफिसला पोचायची वेळ एकच आणि वरून एसी. आता तुम्हाला कळलं असेल की ठाण्याला नीट असणारे केस बीकेसीला का बिघडतात.

केस उभे का राहतात ते थोडक्यात सांगते, कारण हे कळलं की कुठला उपाय खरा आणि कुठला फुकटचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. दोन वेगवेगळ्या वस्तू एकमेकींना टेकून सुटल्या की एकीवर धन विद्युतभार येतो आणि दुसरीवर ऋण, आणि घासल्या तर टेकणं-सुटणं जास्त जागी होतं म्हणून भारही जास्त. आपल्या केसावर बहुतेक वेळा धन येतो आणि प्लॅस्टिक, पॉलिस्टर असल्या गोष्टींवर ऋण. सगळ्या केसांवर एकच भार म्हणजे प्रत्येक केस शेजारच्याला ढकलतो, म्हणून ते पसरतात. आणि गालावर तसा भार नसतो म्हणून गालाला येऊन चिकटतात. हे पावसाळ्यातही होत असतंच, पण तेव्हा केसाने हवेतलं पाणी शोषलेलं असतं आणि त्या पाण्यातून भार वाहून जातो, आपल्याला कळतही नाही. कोरड्या हवेत केसातलं पाणी कमी झालं की भार जिथे तयार झाला तिथेच बसून राहतो.

म्हणजे उपाय दोनच दिशांनी होऊ शकतो, घासणं कमी करा किंवा भाराला वाहून जायला वाट द्या. कंडिशनर दोन्ही करतो, म्हणून तो पहिल्या नंबरवर. त्यात धन भार असलेले घटक असतात, लेबलवर सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रिमोनियम अशी नावं बघा, "ट्रिमोनियम" हे शेपूट दिसलं की समजायचं. धुतलेल्या केसाचा पृष्ठभाग ऋण असतो, विशेषतः जिथे खराब झालेला आहे तिथे, म्हणून हे घटक तिथे जाऊन चिकटतात आणि पाण्याने धुतलं तरी थोडा थर राहतो. तो थर निसरडा असतो म्हणून घर्षण कमी होतं, आणि थोडं पाणी धरून ठेवतो म्हणून भार वाहून जातो.

एक केस सांगते, म्हणजे क्लायंटची केस. बोरिवलीहून लोअर परळला जाणारी एक मुलगी, बारीक पोताचे खांद्याखाली आलेले केस, वरून हायलाइट्स केलेले. हायलाइट्स म्हणजे ब्लीच आलंच, आणि ब्लीचने केसावरचा जन्मजात पातळ स्निग्ध थर निघून जातो, मग केस एकमेकांवर आणि कंगव्यावर जास्त घासतात. टाळू तेलकट म्हणून ती एक दिवसाआड शाम्पू करायची आणि कंडिशनर अजिबात नाही, कारण "केस चपटे पडतात". मग ड्रायर फुल गरम, नायलॉनच्या काट्यांचा मोठा ब्रश, गळ्यात जॉर्जेटचा स्कार्फ आणि ट्रेनमधल्या एसीसाठी फ्लीसचं जॅकेट. तिचं ठाम मत होतं की दोष ब्रशचा.

मी तिला सांगितलं, बस, बघूया. सकाळचीच वेळ होती, कोरडा दिवस होता. मधोमध भांग पाडला आणि एका बाजूला तिचाच ब्रश फिरवला, दुसऱ्या बाजूला माझा कार्बनचा कंगवा, दोन्हीकडे सारखाच वेळ. ब्रशवाली बाजू भसकन उभी राहिली, कार्बनवाली कमी, पण तीही उठलीच. मग केस धुतले आणि फक्त डाव्या बाजूला कंडिशनर लावून धुऊन टाकला, उजवी बाजू नुसती शाम्पूची. दोन्ही बाजू एकाच ड्रायरने एकसारख्या वाळवल्या. आता दोन्हीकडे तिचाच नायलॉनचा ब्रश. उजवी बाजू परत उठली, डावीकडचे केस जवळजवळ जागेवर. ती आरशात बघतच राहिली, कारण ब्रश तर तोच होता. मग मी तिचाच स्कार्फ घेऊन डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूवरून चार-पाच वेळा ओढला, आणि ती बाजूही थोडी उठली. तिथे तिला क्रम कळला. तिने ब्रश बदलला तो सगळ्यात शेवटी.

हा अर्ध्या डोक्याचा प्रयोग तुम्ही घरी करू शकता, रविवारी सकाळी, आणि मी तर म्हणेन काहीही विकत घेण्याआधी कराच. फक्त दोन्ही बाजू पूर्ण वाळलेल्या हव्यात, ओलसर असतील तर काहीच दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल ताईने उगाच सांगितलं. आणि पावसाळी ढगाळ दमट दिवशी करू नका, कोरडाच दिवस निवडा.

कंडिशनर कसा लावायचा यात बऱ्याच जणी चुकतात. टाळूला लावायचाच नाही, चपटे पडतात ते त्यामुळे. शाम्पूनंतर केसातलं पाणी हाताने पिळून काढा, निथळत्या केसावर लावला तर तो पाण्याबरोबर वाहूनच जातो. खांद्यापर्यंतच्या बारीक केसांना साधारण एक चहाचा चमचा पुरतो, जाड किंवा कमरेपर्यंतचे असतील तर दोन-तीन. कानापासून खाली टोकापर्यंत लावा, मोठ्या दातांचा कंगवा तेव्हाच एकदा फिरवून घ्या म्हणजे सगळीकडे जातो, दोन मिनिटं थांबा आणि धुवा. धुताना केस बोटांखाली कुईकुई वाजेपर्यंत धुवायचे नाहीत, जरा निसरडे लागत असतानाच थांबायचं. ज्या दिवशी शाम्पू नाही त्या दिवशी केस नुसते भिजवून कंडिशनर लावला तरी चालतो. टाळू अगदीच तेलकट असेल तर शाम्पू फक्त टाळूला चोळा, खालच्या केसांवरून त्याचा फेस गेला तरी पुरे होतो.

आता कापड, ज्याकडे कोणी बघतच नाही. दिवसातून कंगवा किती वेळा फिरतो, दोनदा, तीनदा? आणि मानेशी केस ओढणीला, जॅकेटच्या कॉलरला, बॅगेच्या पट्ट्याला, खुर्चीच्या पाठीला किती वेळा घासतात याचा हिशेबच नाही, मान वळवली की घासले. बाजारात जॉर्जेट आणि शिफॉन म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरच असतं. फ्लीस पॉलिस्टर, हेल्मेटचं अस्तर बहुतेक वेळा पॉलिस्टर, स्वस्त स्वेटर अॅक्रिलिकचे. सुती कापडाला हवेतलं थोडंसं पाणी धरून ठेवायची सवय आहे म्हणून त्याचा त्रास कमी. लोकर केसासारखीच प्राण्याची असली तरी गळ्यावरून ओढून काढायचा स्वेटर असेल तर तोही केस उठवतो, कारण घासणं खूप होतं.

तुम्हाला सगळे कपडे बदला असं मी सांगणार नाही, कोण बदलतं? फक्त एवढं करा की केसाला लागून जे आहे ते सुती असू द्या. म्हणजे जॅकेट फ्लीसचं असू दे, त्याच्या कॉलरच्या आत एक सुती स्टोल गुंडाळा आणि केस त्याच्यावर येतील असं बघा. गळ्यावरून काढायच्या स्वेटरपेक्षा पुढून चेनवाला बरा. स्कूटीवर जात असाल तर हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल बांधा, आणि हेल्मेट खसकन ओढून काढू नका, आधी पट्टा पूर्ण सैल करून सरळ वर उचला. आणि सकाळचा क्रम बदला: आधी कपडे, स्वेटर, सगळं घालून घ्या, कंगवा सगळ्यात शेवटी. बऱ्याच जणी केस विंचरून मग डोक्यावरून टॉप घालतात आणि परत विंचरतात, म्हणजे दोनदा घासून झाले. ट्रेनमध्ये सैलसर वेणी किंवा अंबाडा घाला, ऑफिसला जाऊन सोडा. बांधलेल्या केसाचा बाहेरचा भाग तेवढा घासतो, आतले केस शांत राहतात.

ओढणी आवडती असेल आणि सोडवत नसेल तर तिला शेवटच्या पाण्यात कपड्यांचं सॉफ्टनर घालून काढा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. त्यातले घटक कंडिशनरच्याच जातीचे असतात, कापडावर थर बसतो आणि पुढचे काही दिवस त्या ओढणीचं स्टॅटिक कमी होतं. उशीच्या अभ्र्यालाही चालतं. पण ते सॉफ्टनर केसाला लावायचं नाही हं, मला एकीने खरंच विचारलं होतं. ते कापडासाठीच बनवलेलं असतं, टाळूला आणि डोळ्यांना त्रास देईल.

उशीवरून आठवलं. ऑनलाइन "सॅटिन पिलो कव्हर" म्हणून जे केसांसाठी विकतात त्यातलं बरंचसं पॉलिस्टर असतं, सॅटिन हा विणीचा प्रकार आहे, धागा कुठलाही असू शकतो. गुळगुळीत असल्यामुळे गुंता कमी होतो हे खरं, पण कोरड्या थंडीत सकाळी उठल्यावर केस उभे असतील तर दोन रात्री साधा जुना धुतलेला सुती अभ्रा घालून बघा. आणि मायक्रोफायबरचा टॉवेल वापरत असाल तर तोही पॉलिस्टर-नायलॉनचाच असतो. तो ओल्या केसाला पाणी टिपायला चांगला, केस वाळत आल्यावर त्याने चोळत बसू नका. आपला पंचा त्यापेक्षा सरस, हे मी जुन्या पद्धतीच्या प्रेमाखातर नाही सांगत.

आता तुमचा लाकडी कंगवा. लाकूड प्लॅस्टिकपेक्षा कमी भार तयार करतं आणि त्यात थोडा ओलावा असल्यामुळे तयार झालेला भार हातातून निघूनही जातो. पण दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच लाकडी कंगव्यांना चकचकीत वॉर्निश असतं, आणि वॉर्निश म्हणजे वरून प्लॅस्टिकचाच थर. ओळखायचं कसं, पाण्याचा एक थेंब कंगव्यावर टाका. तो मण्यासारखा तसाच बसून राहिला तर वॉर्निश, हळूहळू जिरून तिथे गडद डाग पडला तर उघडं लाकूड. कडुनिंबाचा किंवा शिसमचा, जो मिळेल तो, फरक दातांच्या गुळगुळीतपणाने जास्त पडतो. थोडा कापूस घेऊन दातांमधून फिरवा, कापसाचे तंतू अडकले तर केसही अडकणार. लाकडी कंगवा पाण्यात भिजत ठेवू नका, दात फुगतात आणि नंतर त्यांना चिरा पडतात, ओल्या फडक्याने पुसला तरी स्वच्छ होतो.

मला विचाराल तर स्टॅटिकसाठी पार्लरमध्ये असतो तो काळा कार्बनचा कंगवा लाकडापेक्षा सरस. त्यात कार्बन मिसळलेला असल्यामुळे वीज त्यातून वाहते आणि तुमच्या हातात उतरते. अट एकच, हात थेट त्या काळ्या भागाला लागला पाहिजे, वर वेगळी प्लॅस्टिकची मूठ असेल तर फायदा अर्धा गेला. आणि नुसता रंग काळा म्हणून कार्बन असं नसतं, रस्त्यावर काळे प्लॅस्टिकचे ढीगभर मिळतात. कोरड्या केसात तो आठ-दहा वेळा फिरवून कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या, शाळेत केला होता तोच प्रयोग, कपटे उडून चिकटले तर ते साधं प्लॅस्टिक. स्टीलचा कंगवाही चालतो, पण स्वस्तातल्याचे दात पत्र्यातून कापलेले आणि कडा धारदार असतात, केस तुटतात, म्हणून मी फार सुचवत नाही. साधा प्लॅस्टिकचाच वापरायचा असेल तर दातांच्या मधोमध नख फिरवून बघा, साच्याची बारीक रेघ लागते का. लागली तर ती प्रत्येक वेळी केसाला खरवडत असते.

कंगवा कुठलाही असो, कसा फिरवताय ते बघा. भरभर ओढला की भार जास्त, हळू फिरवला की कमी. बारीक दातांची फणी म्हणजे प्रत्येक केसाला जास्त ठिकाणी घासणं, म्हणून थंडीत मोठ्या दातांचा. आधी टोकाकडचा गुंता सोडवा, मग वर जा. आणि शंभर वेळा विंचरलं की केस वाढतात हे आजीचं म्हणणं निदान डिसेंबर-जानेवारीत तरी ऐकू नका.

ऑफिसात पोचल्यावर केस उडालेच तर काय. तळहात नळाखाली ओले करा, झटका, टिश्यूला टिपा आणि जो ओलसरपणा उरतो तो केसांवरून वरून खाली फिरवा. हे लगेच काम करतं पण एसीत दहा-पंधरा मिनिटांत वाळतं आणि खेळ परत सुरू. म्हणून पर्समध्ये एक छोटी स्प्रेची बाटली ठेवा: १०० मिली उकळून गार केलेलं पाणी, त्यात पाव चहाचा चमचा तुमचाच कंडिशनर, खूप हलवा. केसांवर थेट मारू नका, कंगव्यावर दोन फवारे मारा किंवा तळहातावर मारून चोळा आणि मग केसांवरून फिरवा. पाणी उडून जातं पण कंडिशनरचा थर राहतो म्हणून हे जास्त टिकतं. दोन-तीन दिवसांनी बाटली ओतून, धुऊन नवीन बनवा, पाण्याने पातळ केल्यावर कंडिशनरमधलं प्रिझर्व्हेटिव्ह पुरत नाही आणि त्यात जंतू वाढतात. बाटली विसरलात तर हँडक्रीमचा मुगाएवढा ठिपका दोन्ही तळहातांना पूर्ण चोळून, हात जवळजवळ कोरडे वाटले की मग केसांवरून. जास्त घेतलं तर केस तेलकट दिसतील, बारीक केसांना तर लगेच.

खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, म्हणजे स्टॅटिक जातं, असं पण कोणीतरी सांगतं. त्याने तुमच्या अंगावरचा भार जाईल, दाराच्या हँडलचा चटका लागणार नाही कदाचित, पण कोरडा केस वीज वाहून नेत नाही, त्याच्यावरचा भार तिथेच राहतो.

तुमचं पावसाळ्यातलं सीरम का चाललं नाही, तर ते बाहेरचा दमटपणा केसात जाऊ नये म्हणून बनवलेलं, बहुतेक सगळं सिलिकोन. घर्षण थोडं कमी करतं, पण सिलिकोनमधून भार वाहत नाही आणि आत्ता तर आपल्याला केसात ओलावा हवाय. टाकून देऊ नका, कंडिशनर लावलेल्या केसावर टोकांना एक थेंब लावला तर चालतो, एकट्याने मात्र काम करणार नाही. तेलाचंही थोडं तसंच. खोबरेल केसात मुरतं आणि धुताना प्रोटीन जाणं कमी करतं, २००३ साली मुंबईतल्याच एका खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करून ते छापलं होतं, आणि कंपनीचा फायदा धरूनही माझ्या अनुभवाला ते पटतं. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री लावा, जरूर लावा. पण कोरड्या केसावर सकाळी तेलाचा हात फिरवला तर केस वजनाने बसतात, भार काही त्यातून वाहून जात नाही, आणि दुपारपर्यंत धूळ चिकटते.

ड्रायर वापरत असाल तर एवढंच की केस पूर्ण कडकडीत वाळवू नका, मुळाशी हाताला जेमतेम गार लागेल इतके राहू द्या आणि बाकीचं हवेवर सोडा. एक वीतभर लांब धरा, मधली सेटिंग ठेवा. आयोनिक म्हणून मिळणारे ड्रायर ऋण आयन सोडतात आणि ते केसावरच्या धन भाराला थोडं मारतात, फरक पडतो, पण कंडिशनर न लावता त्याच्यावर पैसे घालवू नका. स्ट्रेटनर फिरवल्या फिरवल्या केसात पाणी जवळजवळ नसतं, तेव्हा लगेच कंगवा घातला की हमखास उठणार. पाच मिनिटं थांबा, केस पूर्ण गार होऊ द्या, मग बोटांनीच सारखे करा.

तुम्ही असं करा, या रविवारी अर्ध्या डोक्याचा प्रयोग, सोमवारपासून कंडिशनर आणि गळ्यात सुती स्टोल, कंगवा आत्ता आहे तोच ठेवा. आठवडाभराने जेवढं उरेल तेवढ्यासाठी कार्बनचा कंगवा घ्या. एवढं करूनही केस खरखरीत लागत असतील आणि बेसिनमध्ये आखूड तुकडे दिसत असतील तर मग प्रश्न स्टॅटिकचा नाही, केस तुटतायत, आणि टोकं कापल्याशिवाय सुटणार नाही. आणि होळीच्या आसपास हवा परत चिकचिकीत व्हायला लागली की तो स्प्रे बंद करा, कंडिशनरही थोडा कमी करा, नाहीतर मार्चमध्ये इथेच परत लिहाल की केस सारखे चिपचिपीत का होतायत.